दाब कमी, तरी कार्बन डायऑक्साइड पुढे: फुफ्फुसाच्या पडद्यावरचा हिशेब

शरीरक्रियाशास्त्राच्या तोंडी परीक्षेत हमखास विचारला जाणारा एक प्रश्न आहे. फुफ्फुसात ऑक्सिजन रक्तात शिरतो तेव्हा त्याच्या मागे सुमारे ६० मिलिमीटर पाऱ्याइतका दाबाचा फरक असतो. कार्बन डायऑक्साइड रक्तातून बाहेर पडतो तेव्हा फरक असतो जेमतेम ५. म्हणजे बारापट कमी. तरीही शांत बसलेल्या माणसाच्या फुफ्फुसातून मिनिटाला साधारण २५० मिलिलिटर ऑक्सिजन आत जातो आणि सुमारे २०० मिलिलिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. पडदा तोच, वेळ तेवढीच. मग एवढ्याशा दाबावर हा वायू कसा काय निभावून नेतो?

विद्यार्थी उत्तर देतात, "कारण कार्बन डायऑक्साइड वीसपट विद्राव्य आहे, सर." उत्तर बरोबर धरलं जातं आणि गाडी पुढच्या प्रश्नावर जाते. पण 'विद्राव्य आहे' म्हटल्याने नेमकं काय घडतं हे विचारलं, की बरेच जण अडखळतात. काहींना वाटतं की तो रेणू लहान असेल. काहींना वाटतं की तो जास्त वेगाने धावत असेल. दोन्ही चूक. कार्बन डायऑक्साइडचा रेणू ऑक्सिजनपेक्षा जड आहे आणि एकेकट्या रेणूची शर्यत लावली तर ऑक्सिजनच किंचित पुढे राहील.

आधी तो पडदा पाहू. वायुकोशातली हवा आणि केशवाहिनीतलं रक्त यांच्या मध्ये जे काही आहे त्याची सरासरी जाडी अर्ध्या मायक्रोमीटरच्या आसपास. माणसाच्या केसाच्या साधारण शंभराव्या हिश्श्याइतकी. एवढ्याशा जाडीत बरंच काही बसलेलं असतं: वायुकोशाच्या आतल्या बाजूला द्रवाचा पातळ थर, मग वायुकोशाची चपटी पेशी, तिच्याखालचा आधारपटल, थोडी मधली जागा आणि शेवटी केशवाहिनीची पेशी. असा पडदा दोन्ही फुफ्फुसांत मिळून ७० चौरस मीटरच्या घरात पसरलेला आहे. या सगळ्यात आपल्या कामाची गोष्ट एकच. हा पडदा ओला आहे. त्यात हवेने भरलेली भोकं नाहीत. वायूला पलीकडे जायचं तर आधी त्या ओलाव्यात विरघळावं लागतं, विरघळलेल्या रूपातच पलीकडे सरकावं लागतं. नळीतून हवा जावी तसा वायू या पडद्यातून जात नाही.

इथेच कोड्याची किल्ली आहे. आपण मोजतो तो दाब, पण पडद्यात सरकतात ते विरघळलेले रेणू. विल्यम हेन्री या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने १८०३ मध्ये दाखवून दिलं की द्रवात किती वायू विरघळेल ते त्या वायूच्या दाबाच्या प्रमाणात ठरतं. पण ते प्रमाण प्रत्येक वायूचं वेगळं. शरीराच्या तापमानाला, म्हणजे ३७ अंशांना, पूर्ण एक वातावरण दाबाखाली एक लिटर पाण्यात ऑक्सिजन विरघळतो सुमारे २४ मिलिलिटर. त्याच दाबाला कार्बन डायऑक्साइड विरघळतो सुमारे ५७० मिलिलिटर. जवळपास चोवीसपट.

आता हेच आकडे पडद्याला लावून बघू. एक वातावरण म्हणजे ७६० मिलिमीटर पारा. ऑक्सिजनच्या दाबातला फरक ६०. म्हणजे पडद्याच्या हवेकडच्या काठाला आणि रक्ताकडच्या काठाला विरघळलेल्या ऑक्सिजनच्या प्रमाणात फरक पडला २४ गुणिले ६०, भागिले ७६०. उत्तर येतं लिटरमागे साधारण १.९ मिलिलिटर. कार्बन डायऑक्साइडसाठी ५७० गुणिले ५, भागिले ७६०. उत्तर साधारण ३.८ मिलिलिटर.

जरा थांबून हे दोन आकडे शेजारी ठेवा. दाबात बघितलं तर कार्बन डायऑक्साइड बारापट मागे होता. प्रत्यक्ष विरघळलेल्या रेणूंच्या संख्येत बघितलं तर तो दुपटीने पुढे आहे. रेणूंना ढकलणारा जो खरा उतार, म्हणजे एका बाजूला दाटी आणि दुसऱ्या बाजूला विरळ, तो कार्बन डायऑक्साइडचाच मोठा आहे. 'कमी उतारावरून जास्त वेगाने' हे आश्चर्य मुळात आपण दाबाच्या एककात बोलतो म्हणून निर्माण झालं. माझ्या मते हा प्रश्न शिकवताना पहिल्यांदा हे गणित फळ्यावर मांडायला हवं. ते न मांडता 'वीसपट' हा आकडा पाठ करून घेतला जातो आणि मग तो जादूसारखा वाटत राहतो.

मग दाबाचं एकक वापरायचंच कशाला, असं कोणी विचारेल. त्यालाही कारण आहे. वायू कोणत्या दिशेने जाईल आणि कुठे थांबेल हे दाब ठरवतो. हवा, पाणी, चरबी, रक्त अशी माध्यमं बदलत गेली तरी दोन्हीकडचा दाब सारखा झाला की देवाणघेवाण थांबते, मग विरघळलेलं प्रमाण दोन्हीकडे कितीही वेगळं असो. थोडक्यात, दिशा बघायची तर दाब बघा. वाहून किती जाणार ते बघायचं तर विद्राव्यताही बघा.

शेतातल्या पाण्याचं उदाहरण इथे चपखल बसतं. ऑक्सिजनचा मार्ग म्हणजे तीव्र उताराची पण अरुंद चारी. कार्बन डायऑक्साइडचा मार्ग म्हणजे जवळपास सपाटीवरून जाणारा, पण वीस हात रुंद पाट. उतार नावालाच आहे, तरी पाणी भरपूर पोचतं.

चोवीस की वीस?

विद्राव्यता चोवीसपट असेल तर पुस्तकात वीसपट का लिहिलेलं असतं? कारण वजनाची वजावट. स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञ थॉमस ग्रॅहम यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वायूंच्या पसरण्यावर जे प्रयोग केले, त्यांतून निघालेला नियम असा की वायू पसरण्याचा वेग त्याच्या रेणुभाराच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असतो. ऑक्सिजनचा रेणुभार ३२, कार्बन डायऑक्साइडचा ४४. ४४ भागिले ३२ चं वर्गमूळ येतं साधारण १.१७. म्हणजे वजनामुळे कार्बन डायऑक्साइड १.१७ पट मागे पडतो. २४ ला १.१७ ने भागलं की उरतात साधारण २०.

ग्रॅहमचा नियम खरं तर वायूंसाठीचा आहे. पाण्यात विरघळलेल्या रेणूंना तो तंतोतंत लागू पडत नाही, शेजारचे पाण्याचे रेणू त्यांना अडवत असतात. पण या दोन वायूंच्या बाबतीत उत्तर फारसं बिघडत नाही. पाण्यातही ऑक्सिजनचा रेणू कार्बन डायऑक्साइडपेक्षा थोडासाच चपळ आहे. म्हणून वीस हा आकडा ढोबळ मानायचा, पण भरवशाचा मानायचा.

पाण्याला कार्बन डायऑक्साइड इतका का मानवतो? पुष्कळांचं उत्तर असतं, 'त्याचं पाण्याशी कार्बोनिक आम्ल बनतं म्हणून'. ते बनतं हे खरं, पण साध्या पाण्यात विरघळलेल्या रेणूंपैकी फारच थोडे, हजारात दोन-तीनच्या आसपास, आम्लाच्या रूपात असतात. चोवीसपट फरक त्यातून येत नाही. खरं कारण रेणूच्या घडणीत आहे. कार्बन डायऑक्साइडमध्ये मधल्या कार्बनवर किंचित धन आणि दोन्ही टोकांच्या ऑक्सिजनवर किंचित ऋण प्रभार असतो. सरळ रेषेतला रेणू असल्याने एकंदरीत तो तटस्थ दिसतो, पण जवळ आलेल्या पाण्याच्या रेणूला ही टोकं जाणवतात आणि ते त्याला धरून ठेवतात. ऑक्सिजनच्या रेणूत दोन्ही अणू एकच. कुठेही ओढाताण नाही, म्हणून पाण्याला पकडायला काही नाही. सोड्याच्या बाटलीत कार्बन डायऑक्साइड भरता येतो आणि ऑक्सिजनचं तसं फसफसतं पेय कोणी विकत नाही, त्याचं कारण हेच.

साठ आणि पाच हे फक्त उंबरठ्यावरचे आकडे

आतापर्यंत मी ६० आणि ५ हे फरक धरून बोललो, पण ते केशवाहिनीच्या तोंडाशीच खरे असतात. रक्त आत शिरतं तेव्हा त्याच्यातल्या ऑक्सिजनचा दाब ४० असतो, वायुकोशात १०० च्या थोडा वर. रक्त पुढे सरकतं तसतसा ऑक्सिजन आत येतो, रक्तातला दाब चढतो आणि फरक झपाट्याने मिटतो. शांत बसलेल्या माणसाचं रक्त त्या केशवाहिनीत पाऊण सेकंद असतं. ऑक्सिजनचा हिशेब पहिल्या पाव सेकंदातच पुरा होतो. उरलेला अर्धा सेकंद रक्त नुसतंच प्रवास करतं.

म्हणून संपूर्ण प्रवासाची सरासरी काढली तर ऑक्सिजनच्या दाबातला फरक ६० नसून १०-१२ च्या आसपास भरतो. याचा ताळा घेता येतो. निरोगी तरुण माणसाच्या फुफ्फुसातून दाबाच्या एका मिलिमीटर फरकामागे मिनिटाला सुमारे २१ मिलिलिटर ऑक्सिजन जाऊ शकतो. २१ ला १२ ने गुणलं की २५० मिळतात. म्हणजे शांत बसलेलं असतानाची आपली मिनिटाची गरज. कार्बन डायऑक्साइडसाठी हाच आकडा एका मिलिमीटरमागे ४०० च्या पुढे आहे. मिनिटाला २०० मिलिलिटर बाहेर टाकायला मग सरासरी अर्धा मिलिमीटर फरक पुरतो. अर्धा मिलिमीटर! एवढा छोटा फरक नेहमीच्या रक्ततपासणीत दिसतसुद्धा नाही. धमनीतल्या रक्तात मोजलेला कार्बन डायऑक्साइडचा दाब आणि वायुकोशातला दाब हे डॉक्टर बिनदिक्कत एकच धरतात, ते याच जोरावर.

एक गैरसमज मात्र इथेच दूर करायला हवा. 'वीसपट वेगाने जातो' याचा अर्थ वीसपट जास्त वायू बाहेर पडतो असा नाही. किती कार्बन डायऑक्साइड बाहेर पडणार हे पेशी किती तयार करतात त्यावर ठरतं, पडद्यावर नाही. ऑक्सिजनचे २५० गेले तर त्या बदल्यात २०० येतात, बस. वीसपट आहे ती पडद्याची क्षमता, दाबाच्या प्रत्येक मिलिमीटरमागची. ती क्षमता वापरली जाते कमी दाबात तेवढंच काम उरकण्यासाठी.

दुसरा गैरसमज त्याहून चिवट. पडदा वीसपट सोयीचा, म्हणजे कार्बन डायऑक्साइडचा हिशेब पाव सेकंदाच्या विसाव्या भागात संपत असेल, असं वाटतं. तसं नाही. ज्यांनी हे गणित तपशिलात मांडलं आहे त्यांना कार्बन डायऑक्साइडलाही बरोबरीला यायला साधारण पाव सेकंदच लागतो असं आढळतं. कारण रक्तातला त्याचा साठा फार मोठा आहे आणि त्यातला बहुतेक साठा कुलुपात आहे. रक्तातला कार्बन डायऑक्साइड नुसता विरघळलेला असतो तो थोडाच. बराचसा बायकार्बोनेटच्या रूपात असतो आणि काही हिमोग्लोबिनला चिकटलेला. पडदा ओलांडता येतो तो मोकळ्या, विरघळलेल्या रेणूलाच. त्यामुळे आधी बायकार्बोनेट रक्तातल्या तांबड्या पेशीत शिरणार, त्या बदल्यात क्लोराइड बाहेर येणार, पेशीतलं कार्बोनिक अनहायड्रेज हे विकर त्यातून कार्बन डायऑक्साइड मोकळा करणार, मग तो पडद्याकडे निघणार. एक रेणू पडद्यातून गेला की मागून दुसरा मोकळा होतो, म्हणून रक्तातला दाब सावकाश उतरतो.

हे विकर नसतं तर पडदा कितीही रुंद पाटासारखा असून उपयोग झाला नसता. पाव-पाऊण सेकंदात ती रासायनिक क्रिया उरकलीच नसती. अॅसिटाझोलामाइड हे औषध, जे उंच पहाडावर जाणारे लोक घेतात आणि काचबिंदूतही देतात, ते याच विकराला अडवतं. निरोगी माणसाला नेहमीच्या मात्रेत त्रास होत नाही. पण ज्याची फुफ्फुसं आधीच मोठ्या प्रमाणात निकामी झालेली आहेत त्याच्या रक्तात या औषधाने कार्बन डायऑक्साइड साचू शकतो, म्हणून डॉक्टर तिथे जपून वागतात. पडदा धडधाकट असतानाही कार्बन डायऑक्साइड अडकू शकतो, तो असा.

कोपनहेगनमधला वाद

पडद्यातून वायू नुसते दाबाच्या उतारावरून जातात, हे आज आपण गृहीत धरतो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी त्यावर जोरदार वाद होता. कोपनहेगनचे ख्रिश्चन बोर, म्हणजे अणुशास्त्रज्ञ नील्स बोर यांचे वडील, म्हणत की फुफ्फुस ही ग्रंथी आहे आणि ती ऑक्सिजन स्वतः ओढून रक्तात सोडते. ऑक्सिजन एवढा कमी विरघळतो, मग नुसत्या उतारावर भागणार कसं, ही शंका रास्तच होती. त्यांचाच सहायक ऑगस्ट क्रोग आणि त्याची पत्नी मेरी यांनी रक्ताच्या संपर्कात हवेचा अगदी बारीक बुडबुडा ठेवून त्यातले वायू मोजण्याची युक्ती काढली. १९१० मध्ये त्यांनी शोधनिबंधांची मालिकाच छापली. धमनीतल्या रक्तात ऑक्सिजनचा दाब वायुकोशातल्या दाबापेक्षा कधीच जास्त भरत नाही, हे त्यांनी दाखवलं. ओढून घेण्याची गरजच नाही, उतार पुरतो.

यानंतर मेरी क्रोग यांनी पडद्याची क्षमता जिवंत माणसात मोजायची पद्धत काढली. त्यासाठी त्यांनी निवडला कार्बन मोनॉक्साइड, अगदी थोडासा. कारण हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनच्या दोनशेपटीहून जास्त ताकदीने पकडतं. तो पडद्यातून आला की लगेच धरला जातो, रक्तात त्याचा दाब चढतच नाही. उतार शेवटपर्यंत तसाच राहतो, त्यामुळे किती वायू गेला ते मुख्यतः पडद्यावर अवलंबून राहतं. आजही मोठ्या रुग्णालयांत 'डीएलसीओ' नावाची जी तपासणी होते ती याच कल्पनेवर. नळीतून एक खोल श्वास घ्यायचा, दहा सेकंद रोखायचा, सोडायचा. हे काम कार्बन डायऑक्साइडने होत नाही. तो इतक्या सहज पार होतो की पडदा निम्मा गेला तरी आकड्यांत फरक दिसणार नाही.

पडदा बिघडतो तेव्हा

आता हे सगळं एका रुग्णावर लावून बघू. उदाहरण मी रचलेलं आहे, पण छातीच्या डॉक्टरांच्या ओपीडीत असे आकडे नेहमी दिसतात. मुंबईतल्या साठीतल्या एक बाई. दोन वर्षांपासून कोरडा खोकला, जिना चढताना दम लागतो. नखं किंचित फुगीर झालेली. पाठीला स्टेथोस्कोप लावला की श्वास घेताना खालच्या भागात वेल्क्रोची पट्टी उघडावी तसा आवाज येतो. सीटी स्कॅनमध्ये दोन्ही फुफ्फुसांत खालच्या बाजूला जाळी पडलेली. निदान होतं फुफ्फुसाच्या फायब्रोसिसचं, म्हणजे पडद्याच्या मधल्या जागेत चिवट तंतू साचून तो जाड झाला आहे आणि त्याचं क्षेत्रफळही घटलं आहे. असे आजार अनेक कारणांनी होतात. वर्षानुवर्षं कबुतरांची विष्ठा आणि पिसांचा भुगा श्वासात गेल्याने होणारा त्यातलाच एक प्रकार, आणि मुंबईकरांना त्यावरून झालेली भांडणं चांगलीच ठाऊक आहेत.

बाई बसलेल्या असताना धमनीतल्या रक्ताची तपासणी केली. ऑक्सिजनचा दाब ६४. कार्बन डायऑक्साइडचा ३५. ऑक्सिजन स्पष्ट कमी आहे, पण कार्बन डायऑक्साइड साचलेला नाही. उलट ४० या सरासरीपेक्षा तो खालीच आहे.

पडदा क्षमतेच्या चौथ्या हिश्श्यावर आला असं धरू. ऑक्सिजनचे एका मिलिमीटरमागचे २१ मिलिलिटर आता ५ झाले. २५० मिलिलिटर मिळवायचे तर सरासरी फरक हवा ५०. पण सुरुवातीलाच उपलब्ध आहे ६०. सरासरी ५० ठेवायची तर रक्ताने प्रवासभर ऑक्सिजनचा दाब फारसा चढूच द्यायचा नाही, म्हणजेच केशवाहिनीतून बाहेर पडताना ते अर्धपोटीच निघणार. कार्बन डायऑक्साइडचे ४०० आता १०० झाले. २०० बाहेर टाकायला फरक हवा २. अर्ध्या मिलिमीटरच्या जागी दोन मिलिमीटर, एवढंच. जरा जोरात श्वास घेतला की तेवढी भरपाई होऊन वर काही उरतं. बाईंचा ३५ हा आकडा म्हणजे तीच जादा झालेली भरपाई.

पण इथे एक कबुली द्यायला हवी, जी पाठ्यपुस्तकातली पडद्याची आकृती देत नाही. बसलेल्या अवस्थेत या बाईंचा ऑक्सिजन कमी आहे त्याचं मुख्य कारण पडद्याची जाडी नाही. फायब्रोसिसमध्ये फुफ्फुसाचे काही भाग आक्रसतात, तिथे रक्त जातं पण हवा पुरेशी पोचत नाही. हवा आणि रक्त यांची जोडी विस्कटते. तिथून आलेलं कमी ऑक्सिजनचं रक्त चांगल्या भागातल्या रक्तात मिसळतं. चांगला भाग जास्त श्वास घेऊन ही तूट भरून काढू शकत नाही, कारण तिथलं हिमोग्लोबिन आधीच जवळपास पूर्ण भरलेलं असतं, त्यात आणखी ऑक्सिजन मावत नाही. कार्बन डायऑक्साइडला अशी मर्यादा नाही. चांगल्या भागात हवा जितकी जास्त खेळेल तितका तो जास्त बाहेर पडतो. त्यामुळे 'ऑक्सिजन कमी, कार्बन डायऑक्साइड ठीक' हे चित्र दोन वेगवेगळ्या वाटांनी तयार होतं आणि प्रत्येक वेळी विद्राव्यतेकडे बोट दाखवणं बरोबर नाही.

जाडीचा परिणाम उघड होतो तो चालताना. बाईंना सहा मिनिटं सपाट कॉरिडॉरमध्ये चालवलं, बोटाला पल्स ऑक्सिमीटर लावून. सुरुवातीला ९३ टक्के असलेला आकडा शेवटी ८२ वर आला. चालताना हृदय रक्त जोरात ढकलतं, त्यामुळे केशवाहिनीतला मुक्काम पाऊण सेकंदावरून कमी होत जातो. जोराच्या व्यायामात तो पाव सेकंदापर्यंत येतो. निरोगी माणसाचं काम तेवढ्यात होऊन जातं, म्हणून धावतानाही त्याचा आकडा हलत नाही. जाड पडद्यामागे मात्र तो शिलकीतला अर्धा सेकंद बसल्याजागीच वापरून झालेला असतो. चाललं की वेळ अपुरी पडते. पडदा जाड झाल्याचा संशय असेल तर बसलेल्या माणसाच्या बोटावरचा आकडा बघून निश्चिंत होऊ नये, ते एवढ्यासाठी.

नुसत्या आकड्यांवरूनही पारख करता येते. समुद्रसपाटीला, ओलावा धरून, आपण आत घेतो त्या हवेत ऑक्सिजनचा दाब साधारण १५० असतो. त्यातून कार्बन डायऑक्साइडचा दाब ०.८ ने, म्हणजे बाहेर पडणारे २०० भागिले आत जाणारे २५० या प्रमाणाने, भागून वजा करायचा. ३५ भागिले ०.८ म्हणजे ४४. १५० वजा ४४, बाईंच्या वायुकोशात ऑक्सिजनचा दाब असायला हवा १०६. रक्तात मोजला ६४. फरक ४२, जो या वयात २० च्या आसपास चालला असता. म्हणजे एकूण श्वास पुरेसा आहे, बिघाड आहे तो वायुकोशापासून रक्तापर्यंतच्या टप्प्यात, मग तो पडद्याचा असो की हवा-रक्ताच्या जोडीचा. पुण्यात हेच गणित करताना १५० च्या जागी १४० घ्यावं लागेल, कारण उंचीमुळे हवेचा दाबच कमी.

आता समजा दुसऱ्या कोणाच्या तपासणीत कार्बन डायऑक्साइड ७० आला. पडद्याला दोष देण्याआधी दहादा विचार करावा. पडदा इतका खराब व्हायचा, की त्याच्यामुळे कार्बन डायऑक्साइड ७० व्हावा, तर त्याच्या कितीतरी आधी ऑक्सिजनअभावी माणूस दगावेल. कार्बन डायऑक्साइड चढतो तो बहुतेक वेळा हवा पुरेशी आत-बाहेर होत नाही म्हणून: श्वासनलिका अरुंद करणारा सीओपीडी हा जुनाट आजार, थकलेले श्वासाचे स्नायू, अफूजन्य औषधांची जादा मात्रा, फार लठ्ठपणा. या माणसाला नाकातून ऑक्सिजन लावला तर बोटावरचा आकडा ९७ होईल आणि घरच्यांना हायसं वाटेल. कार्बन डायऑक्साइड तसाच चढत राहील, कारण पल्स ऑक्सिमीटरला तो दिसतच नाही. गुंगी येऊ लागली, हात पुढे करायला सांगितल्यावर पंजे फडफडू लागले, सकाळी डोकं ठणकू लागलं, तर रक्ततपासणी लगेच करायला हवी.

कोविडच्या लाटांमध्ये याच्या उलट चित्र दिसलं. ऑक्सिजन ८० टक्के आणि माणूस फोनवर बोलतोय. तिथेही मुख्य बिघाड हवा आणि रक्ताच्या जोडीचा होता, पण कार्बन डायऑक्साइड सहज निघून जात असल्याने तो साचला नव्हता. गुदमरल्याची भावना मेंदूला जास्त करून कार्बन डायऑक्साइडच्या चढण्यातून येते. तो चढला नाही, त्यामुळे धोक्याची घंटा वेळेवर वाजलीच नाही.

उपचारही याच हिशेबाने वेगळे होतात. आपल्या उदाहरणातल्या बाईंना चालताना ऑक्सिजन द्यायचा, कारण वायुकोशातला दाब १०० वरून २०० केला की अरुंद चारीलाही पुरेसा उतार मिळतो. कार्बन डायऑक्साइड ७० असलेल्याला ऑक्सिजन मोजूनमापून, ८८ ते ९२ टक्क्यांच्या बेतात द्यायचा आणि सोबत बायपॅप या दाबाने हवा देणाऱ्या यंत्राच्या मास्कने हवा आत-बाहेर खेळवायची.